‘साठा मर्यादित’ लिहिण्याआधी: कोल्हापुरी चपलांच्या एका खेपेचा हिशोब

संपलेला माल पुन्हा आला की ऑनलाइन दुकानं बहुतेक एकच मजकूर टाकतात. ‘तुमच्या आवडत्या चपला परत आल्या! मोजकेच जोड! त्वरा करा!’ वाचणाऱ्याला यातून फक्त घाई कळते. मोजके म्हणजे किती, आपल्या मापाचा जोड आहे का, गेल्या महिन्यात फॉर्ममध्ये नाव लिहून दिलं होतं त्याचं काय झालं, यातलं काहीच कळत नाही. मग तेच प्रश्न पन्नास जण मेसेजमध्ये विचारतात आणि दुकानदाराचा दिवस उत्तरं देण्यात जातो.

मी एका लहान ऑनलाइन दुकानासाठी असे मजकूर लिहिते. आमच्याकडे मुख्य माल कोल्हापुरी चपलांचा. हा मजकूर दहा-बारा ओळींचा असतो, पण तो नीट लिहायचा तर आधी मोजणी करावी लागते आणि ती मोजणी वाटते तेवढी सरळ नसते. म्हणून इथे एक खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवते. आकडे उदाहरणासाठी सोपे करून घेतले आहेत, पद्धत आमची रोजचीच आहे.

मे महिना धरू. तपकिरी रंगाच्या, वेणीपट्ट्याच्या कापशी चपला दोन महिन्यांपूर्वी संपल्या होत्या. कारागिराला ६० जोड सांगितले होते, त्यातले ५४ आले. उरलेल्या सहा जोडांचं कातडं अजून तयार नव्हतं. आलेल्या ५४ पैकी तीन जोड तपासताना बाजूला काढले: दोघांत डाव्या-उजव्या पायाच्या रंगात फरक होता, एकाच्या अंगठ्याचा टाका ढिला होता. हाती राहिले ५१. यातून प्रत्येक नंबरचा एकेक जोड आम्ही बदलून देण्यासाठी ठेवतो. कोल्हापुरीचं माप सगळ्यांना पहिल्यांदाच बरोबर बसतं असं नाही, आणि बदलून द्यायला जोडच नसेल तर ‘नंबर बदलून मिळेल’ हे आश्वासन कागदावर राहतं. पाच नंबर, पाच जोड. म्हणजे विकायला ४६.

मजकुरात जायचा पहिला आकडा हा ४६ आहे. ६० नाही आणि ५४ही नाही. बरेच दुकानदार मागवलेला आकडा जाहीर करतात, कारण तो त्यांच्या डोक्यात महिनाभर घोळत असतो. मग १४ गिऱ्हाइकांना ‘माफ करा, संपलं’ म्हणावं लागतं. त्यांच्यापैकी काहींचे पैसेही भरून झालेले असतात.

पण ४६ हा आकडासुद्धा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नाही. आठ नंबरचा पाय असलेल्या माणसाला सहा नंबरचे जोड किती आहेत याच्याशी काही घेणं नसतं. त्याच्यासाठी साठा म्हणजे फक्त आठ नंबरचा साठा. आमच्या ४६ ची फोड अशी होती: सहा नंबर ५, सात नंबर ११, आठ नंबर १४, नऊ नंबर ११, दहा नंबर ५. ‘४६ जोड उपलब्ध’ हे वाक्य खरं असूनही फसवू शकतं. आठचे १४ जोड पहिल्या दिवशी गेले आणि बाकीचे ३२ शिल्लक असले, तर ‘अजून ३२ जोड आहेत’ हे वाचून आठ नंबरवाला आशेनं दुकान उघडतो आणि हात हलवत परत जातो. कपडे, चपला, अंगठ्या, बांगड्या अशा मापाच्या वस्तूंत एकूण आकड्यासोबत मापवार आकडा द्यायलाच हवा.

आता वेटिंग यादी. चपला संपल्या तेव्हा आम्ही एक गुगल फॉर्म ठेवला होता. त्यात चारच गोष्टी विचारल्या होत्या: नाव, मोबाइल किंवा ईमेल, नंबर आणि रंग. जन्मतारीख, पत्ता, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ असलं काही विचारलं नाही, कारण माल आल्याचं कळवायला ते लागत नाही. फॉर्मच्या वर ही सूचना होती:

‘इथे नाव दिलं म्हणजे जोड तुमच्यासाठी राखून ठेवला असं नाही. माल आला की यादीतल्या सगळ्यांना एकाच वेळी कळवू आणि २४ तास फक्त यादीतल्यांनाच विक्री असेल. त्यातही जो आधी पैसे भरेल त्याला जोड मिळेल. तुमचा मोबाइल किंवा ईमेल आम्ही या एकाच कामासाठी वापरू आणि ही खेप विकून झाली की यादी पुसून टाकू.’

यातल्या पहिल्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. ‘वेटिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेचं तिकीट येतं. रेल्वेत पैसे आधी भरलेले असतात आणि क्रमांक पुढे सरकत जातो. दुकानाच्या यादीत तसं काही होत नाही, पण नाव देणाऱ्याला तसंच वाटत असतं. एकदा आमच्या फॉर्ममध्ये हे वाक्य नव्हतं. माल आला, कळवलं, दुपारपर्यंत संपला. यादीत दुसऱ्या क्रमांकावर नाव असलेल्या एका बाई संध्याकाळी कामावरून घरी आल्या आणि त्यांना काहीच मिळालं नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं: ‘मी दुसरी होते, मग माझा जोड कुठे गेला?’ तेव्हापासून सूचना ठळक अक्षरांत असते आणि कळवण्याचा मेसेज आम्ही रात्री आठनंतरच पाठवतो, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही तो वेळेवर बघता येतो.

यादीतल्या लोकांकडून पैसे आधी घेतले तर मात्र ती यादी राहत नाही, ती आगाऊ नोंदणी होते. मग माल कधी पाठवणार याची तारीख द्यावी लागते आणि तो आला नाही तर पैसे कधी परत करणार हेही सांगावं लागतं. दोन्ही पद्धती ठीक आहेत, फक्त एकीचं नाव दुसरीला देऊ नये.

फॉर्ममध्ये आणखी एक चौकट होती: ‘इतर नवीन मालाची माहितीही पाठवा.’ ती रिकामी होती, ज्याला हवी त्यानं स्वतः खूण करायची. ही पद्धत आम्ही एका नियमावरून घेतली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार खरेदीसाठीची संमती गिऱ्हाइकानं स्वतःहून दिलेली असावी लागते, आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून ती घेता येत नाही. चपलांसाठी दिलेल्या मोबाइल नंबरवर महिनाभर साड्यांच्या जाहिराती पाठवणं तर त्याहून वाईट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच हा आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.

खेप आली तेव्हा यादीत ११८ नोंदी होत्या. काहींनी काळजीपोटी दोनदा फॉर्म भरला होता. तशा नऊ नोंदी काढल्यावर १०९ जण उरले. कोणत्या नंबरला किती जण आहेत हे शीटमध्ये एका सूत्रानं कळतं. चपलेचा नंबर डी या स्तंभात असेल, तर आठ नंबरवाले मोजायला असं लिहायचं:

```
=COUNTIF(D2:D200,8)
```

उत्तरं आली: सहाला ८, सातला २५, आठला ४१, नऊला २७, दहाला ८. प्रत्येक नंबरला जोड कमी आणि नावं जास्त. इथे पहिला मोह होतो तो ‘१०९ जण रांगेत, ४६ जोड’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचा. आकडे खरे आहेत, तरी चित्र खोटं उभं राहतं. यादीतले सगळे विकत घेत नाहीत. कुणी दोन महिन्यांत दुसरीकडून घेतलेली असते, कुणाचा विचार बदललेला असतो. आमच्या मागच्या खेपेत यादीतल्या दर दहांपैकी तिघांनीच घेतल्या होत्या. आठ नंबरच्या ४१ जणांपैकी १२-१३ जण घेतील आणि जोड १४ आहेत, असा अंदाज असताना ‘४१ जण झुंजतायत’ असं भासवणं चूक आहे. यादीचा आकडा सांगायचा तर सोबत हेही सांगायचं की सगळे घेत नाहीत.

हे माझं मत आहेच, शिवाय नियमही तेच सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. इंग्रजीत या प्रकाराला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. त्यात असे १३ प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार आहे खोटी निकड. माल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगणं त्यात येतं. वस्तूला आहे त्याहून जास्त मागणी आहे असं भासवून घाईनं खरेदी करायला लावणंही त्यातच येतं. तिथे दिलेलं उदाहरण हॉटेलच्या खोल्यांचं आहे: ‘फक्त दोन खोल्या शिल्लक, आत्ता तीस जण पाहत आहेत’ असं पुरेसा संदर्भ न देता लिहिणं. ही तत्त्वं मोठ्या संकेतस्थळांपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यात येतात. म्हणजे चार लाख अनुयायी असलेलं दुकान आणि चारशेवालं दुकान, दोघांनाही ती लागू आहेत.

यादीला पाठवलेला मेसेज नंबरनुसार वेगळा होता. आठ नंबरवाल्यांना गेलेला असा:

‘नमस्कार. तुम्ही नाव दिलेल्या तपकिरी कापशी चपला आल्या आहेत. आठ नंबरचे १४ जोड आहेत आणि या नंबरसाठी यादीत ४१ नावं आहेत. मागच्या वेळी दहांपैकी साधारण तिघांनी घेतल्या होत्या, यंदा जास्तही घेतील. किंमत १,८५० रुपये, कुरिअरचे ९० वेगळे. उद्या रात्री आठपर्यंत विक्री फक्त यादीतल्यांसाठी आहे. नको असतील तर काहीच करू नका, पुन्हा आठवण करणार नाही.’

मेसेज पाठवण्यात एक तांत्रिक खोच आहे आणि तिच्यापायी पुष्कळ याद्या वाया जातात. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना काहीच येत नाही. तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळवलं, आणि अर्ध्या लोकांना वाटतं दुकानानं फसवलं. म्हणून फॉर्म भरून झाल्यावर जो आभाराचा मजकूर दिसतो त्यातच ‘आमचा हा नंबर सेव्ह करून ठेवा, नाहीतर मेसेज येणार नाही’ असं लिहायचं. तरीही ज्यांच्यापर्यंत मेसेज गेलेला दिसत नाही त्यांना एकेकट्यानं पाठवायचा. १०९ जणांसाठी हे तासाभराचं काम आहे.

चोवीस तासांनी ३३ जोड गेले होते. उरले १३: सहा नंबर २, सात नंबर ३, आठ नंबर १, नऊ नंबर ४, दहा नंबर ३. आता इन्स्टाग्रामचा मजकूर लिहायची वेळ आली. तिथे मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि बरेच जण ते लावत नाहीत. त्यामुळे जे समजलं नाही तर माणसाचं नुकसान होईल ते आधी यायला हवं. आम्ही टाकलेला मजकूर:

‘तपकिरी कापशी चपला परत आल्या, १३ जोड. सहा नंबर २, सात ३, आठ १, नऊ ४, दहा ३. (मोजणी: बुधवार रात्री ८)

या खेपेत विकायला ४६ जोड होते. त्यातले ३३ वेटिंग यादीतल्यांनी घेतले. किंमत १,८५० रुपये, कुरिअर ९० वेगळं. कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं आहे, त्यामुळे रंगात जोडागणिक थोडा फरक दिसेल. पावसात घालू नका.

जोड कमी का? आम्ही ६० सांगितले होते, ५४ आले, तीन तपासणीत बाजूला काढले आणि पाच जोड नंबर बदलून देण्यासाठी ठेवलेत. सहा जोड कारागिराकडे बाकी आहेत. ते आले तर आधी यादीला कळवू.

पुढची मोठी खेप पावसाळ्यानंतर. तारीख ठरलेली नाही.

तुमचा नंबर संपला असेल तर प्रोफाइलवरच्या लिंकमधून यादीत नाव द्या. नाव दिलं म्हणजे जोड राखून ठेवला असं नाही, पण तुम्हाला इतरांच्या २४ तास आधी कळेल.’

काही जागा समजावून सांगते. मोजणीची वेळ लिहिली आहे, कारण इन्स्टाग्रामवरची पोस्ट लोकांना तीन-चार दिवसांनीही दिसते. वेळ नसलेला आकडा दुसऱ्या दिवशी खोटा ठरतो. मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, तर तो करायचा: आठ नंबरचा एकुलता जोड गेला की पहिल्या ओळीत ‘आठ संपला’ लिहायचं. दिवसातून दोनदा केलं तरी पुरतं. लिंक प्रोफाइलवर ठेवली आहे, कारण पोस्टच्या मजकुरात लिहिलेला दुवा तिथे दाबून उघडत नाही.

‘कमी का’ हा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माल कमी असण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी पावसाळ्यात कातडं वाळत नाही म्हणून काम मंदावतं. कधी कारागिराकडे दुसऱ्याची मोठी मागणी असते. आणि पुष्कळदा दुकानाकडे जास्त माल घ्यायला पैसेच नसतात. या शेवटच्या कारणाला ‘हाताची कला आहे, म्हणून मोजकीच’ असा मुलामा देण्याची पद्धत पडली आहे. ६० जोडच सांगितले कारण तेवढेच पैसे गुंतवता आले, हे लिहिण्यात कमीपणा काही नाही. उलट कारागिराच्या नावावर आपली अडचण खपवली तर गिऱ्हाइकाला वाटतं तो सावकाश काम करतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘ही शेवटची खेप’ किंवा ‘पुन्हा मिळणार नाहीत’ हे शब्द मी वापरत नाही. ते भविष्याबद्दलचं विधान आहे आणि भविष्य आपल्या हातात नसतं. ते सहा बाकी जोड जूनमध्ये आले आणि मी ‘शेवटची’ म्हणून बसलेले असले, तर मे महिन्यात घाईनं दहा नंबर घेतलेल्या नऊ नंबरच्या माणसाला काय सांगणार?

दुकानाच्या मागच्या बाजूला एक धोका असतो. बहुतेक ऑनलाइन दुकानांत वस्तू कार्टमध्ये टाकली म्हणजे ती तुमची होत नाही, पैसे भरेपर्यंत ती कुणीही घेऊ शकतं. हे यादीला आधीच सांगितलेलं बरं. आणि शॉपिफायवर मालाच्या पानात `Continue selling when out of stock` अशी एक चौकट असते. आगाऊ नोंदणीच्या वेळी कुणीतरी तिच्यावर खूण केलेली असते आणि नंतर ती काढायची राहून जाते. मग साठा शून्याखाली जातो, विक्री चालूच राहते आणि उणे चार असा आकडा बघून पोटात गोळा येतो. खेप खुली करण्याआधी ही एक गोष्ट बघायची. तोच माल प्रदर्शनात किंवा ओळखीच्या दुकानातही ठेवला असेल, तर ऑनलाइन आकड्यातून तो आधीच वजा करायचा.

गिऱ्हाईक म्हणून वाचत असाल तर खोटी टंचाई ओळखण्याच्या एक-दोन खुणा सांगते. ‘फक्त ३ शिल्लक’ हा आकडा आज पाहा, दोन दिवसांनी पाहा. विक्री चालू असूनही तो तीनच असेल तर तो मोजलेला नाही. उलटं चालणारं घड्याळ दिसलं तर तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर त्या मुदतीला अर्थ नाही. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते, आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आमचे ते १३ जोड रविवारपर्यंत गेले. मग गुरुवारी दोन पार्सलं परत आली. माल घरी आल्यावर पैसे द्यायचे म्हणून मागवलेली, आणि घेणाऱ्यांनी दार उघडलं नव्हतं. दोन्ही नऊ नंबरची. ‘संपलं’ असं जाहीर झाल्यावर परत आलेला माल गुपचूप ओळखीच्यांना देणं सोपं असतं, पण यादी त्याचसाठी आहे. जोड खोलून तळ आणि टाके तपासले, पायात घातल्याची खूण नव्हती. नऊ नंबर संपल्यावर ज्यांनी यादीत नवं नाव दिलं होतं त्यांना रात्री आठला मेसेज केला: ‘दोन जोड परत आले आहेत, न वापरलेले, खोका उघडलेला आहे. किंमत तीच.’ वीस मिनिटांत दोन्ही गेले. त्यानंतर पोस्टची पहिली ओळ बदलली, बाकीची नवी नावं यादीत राहू दिली आणि आधीच्या यादीतली नावं आणि ज्यांना चपला मिळाल्या त्यांची नावं मोबाइल नंबरांसकट शीटमधून पुसून टाकली.